पाणी भरून ठेवण्याची चाचणी आणि आमचे दोन मोडलेले बाथरूम

पुण्यातील आमच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत दोन बाथरूम आहेत. त्यांचे नूतनीकरण करताना एका ठेकेदाराने आमची जी फसवणूक केली, ती तपशिलाने लिहीत आहे, कारण ज्या टप्प्यावर तो आम्हाला फसवू शकला, तो टप्पा फरशी बसली की कोणालाही दिसत नाही.

दोन्ही बाथरूमचे काम बारा दिवसांत, दोन लाख साठ हजार रुपयांत करून देतो, असे त्याने सांगितले आणि त्यातील साठ टक्के रक्कम आगाऊ घेतली. एक बाथरूम वापरात ठेवून दुसरे आधी करावे, अशी आमची विनंती होती, कारण घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि दहावीचा मुलगा होता. परंतु पहिल्याच दिवशी, आम्ही दोघे कामावर असताना, त्याच्या माणसांनी दोन्ही बाथरूम फोडले. "वहिनी, राडारोडा एकदाच निघतो, खर्च वाचतो," असे तो म्हणाला. प्रत्यक्षात शौचालयच नसल्यामुळे ठेकेदारावाचून आमचे अडले होते. सासूबाईंसाठी आम्ही बेडरूमच्या कोपऱ्यात पडदा लावून कमोडची खुर्ची ठेवली. आम्ही बाकीचे शेजारच्या काकूंकडे आंघोळीला जात होतो आणि ड्राय बाल्कनीत भांडी घासत होतो. असे दिवस काढताना माणूस 'लवकर आटपा' एवढेच म्हणतो, हे त्याला ठाऊक होते.

जलरोधक थर देण्याच्या दिवशी त्याने आम्हाला पावडर आणि द्रव अशा दोन भागांचा नामांकित कंपनीचा डबा दाखवला. असे मिश्रण दोन थरांत लावायचे असते. पहिला थर सुकल्यावर दुसरा आडव्या दिशेने द्यायचा असतो. तो केवळ जमिनीवर न थांबता भिंतीवर निदान फूटभर, आणि शॉवरखाली त्याहून बराच वर, चढवायचा असतो. त्यानंतर जमिनीवरचे पाणी वाहून नेणाऱ्या नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी भरून ठेवायचे आणि दोन दिवस पातळी व खालच्या मजल्याचे छत पाहायचे. आमच्याकडे रात्री अकराला पाणी भरले गेले. सकाळी सातला मी पाहिले, तेव्हा पाणी काढलेले होते, फरशीवाला सिमेंट कालवत होता आणि ठेकेदाराने भिंतीवरील पेन्सिलच्या रेषेचे छायाचित्र दाखवून चाचणी उत्तम झाल्याचे सांगितले. ती रेषा पाणी भरताना मारली होती की काढल्यावर, हे मी विचारले नाही. त्या दिवशी त्याला आणखी अठ्ठ्याहत्तर हजार रुपये दिले. हे काम प्रत्यक्षात चाळीस दिवस रेंगाळले, आणि शेवटचे नळ न बसवताच त्याने फोन उचलणे बंद केले.

सहा आठवड्यांनी खालच्या मजल्यावरील काकूंच्या छतावर, बरोबर आमच्या नहाणीखाली, पिवळसर डाग उमटला. दुसऱ्या मिस्त्रीने फरशा काढल्या, तेव्हा खाली जलरोधक थर नव्हताच. सिमेंटच्या पातळ पाण्याचा एक हात फिरवलेला होता आणि तो नखाने खरवडताच राखेसारखा निघत होता. भिंतीवर तो चार बोटेही चढलेला नव्हता आणि ट्रॅपभोवतीची भेग उघडी होती. दाखवलेला डबा बहुधा फुटलाच नसावा, कारण कामानंतर रिकामा डबा आमच्या दारात कधीच दिसला नाही. डबा आपल्या समोर फोडून घ्यावा आणि रिकामा डबा घरात ठेवून घ्यावा, ही साधी खबरदारी आम्ही घेतली नव्हती.

दुसऱ्या मिस्त्रीने आधी फरशा आणि नळ घरात आणून ठेवायला सांगितले, मगच एका बाथरूमला हात लावला. तोडफोड तीन दिवस, नळजोडण्या आणि बुजवण्यापूर्वी त्यांची पाण्याच्या दाबाची चाचणी तीन दिवस, प्लास्टर आणि त्यावर पाणी मारणे सहा दिवस, जलरोधक थर सुकण्यासह चार, पाणी भरून ठेवणे दोन, फरशा पाच आणि सांधे भरून कमोड वगैरे बसवणे तीन, असे एका बाथरूमला सव्वीस दिवस लागले. आमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार तोडफोड बंद असते, म्हणून यातून एकही दिवस कमी करणे शक्य नव्हते. पैसेही प्रत्येक टप्पा पाहिल्यावरच दिले.

या वेळी पेन्सिलची रेषा पाणी भरतानाच मी स्वतः मारली. तिच्याशेजारी वेळ लिहिली. दोन्ही दिवस खालच्या काकूंनी सकाळ-संध्याकाळ स्टुलावर चढून आपल्या छताला हात लावून पाहिला आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी होकार दिल्यावरच फरशीवाल्याला बोलावले. दुसऱ्या बाथरूमच्या फरशा आता घरात आल्या आहेत.