टी-शर्ट साइझचे दिवस करताना: आठ महिने वापरून झाल्यावर

अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात काम किती मोठं आहे त्यावरून त्याला टी-शर्टसारखा एस, एम, एल असा साइझ द्यायची पद्धत जुनीच. घोळ व्हायचा तो त्यानंतर. कुणीतरी कधीतरी शीटमध्ये एस म्हणजे 2 दिवस, एम म्हणजे 5, एल म्हणजे 10 असं लिहून ठेवलं होतं. हे आकडे कुठून आले ते कुणालाच आठवत नव्हतं, पण त्यांची बेरीज होऊन थेट तारीख क्लायंटकडे जायची.

आठ महिन्यांपूर्वी मी ते आकडे काढून टाकले. त्याऐवजी पूर्ण झालेली जुनी कामं उपसली आणि प्रत्येक साइझखाली खरोखर किती दिवस लागले ते लिहिलं. एसची 31 कामं मिळाली, एमची 23, एलची फक्त 9. एमचं मधलं काम 5 दिवसांचं निघालं, म्हणजे जुना आकडा अगदीच हवेतला नव्हता. पण त्याच रांगेत 2 दिवसांत उरकलेलं कामही होतं आणि 16 दिवस रखडलेलंही. एसमधली काही कामं एमपेक्षा लांबलेली. दादर स्टेशनबाहेरचा एम आणि मॉलमधला एम अंगावर सारखे बसत नाहीत, तसंच.

मग एक नवीन मॉड्यूल आलं: 4 एस, 6 एम, 3 एल. मधले आकडे, म्हणजे 2, 5 आणि 9, धरून बेरीज केली तर 65 दिवस होतात. इथेच फसगत आहे. काम लवकर संपलं तर दोन-तीन दिवस वाचतात, लांबलं तर दहा-बारा जातात, म्हणून बेरीज बहुतेक वेळा मधल्या आकड्यांच्या वर जाते. उलट, प्रत्येक काम जवळजवळ सगळ्यात वाईट चालेल असं धरलं तर आकडा 140च्या पुढे जातो, आणि तोही खरा नाही, कारण तेराच्या तेरा कामं एकाच वेळी सहसा बिघडत नाहीत.

म्हणून मी चिठ्ठ्या काढायच्या ठरवल्या. प्रत्येक कामासाठी त्याच साइझच्या जुन्या यादीतून एक आकडा डोळे मिटून उचलायचा आणि तेराही आकड्यांची बेरीज करायची. असं हजार वेळा. शीटमध्ये हे सोपं आहे. B रकान्यात एमचे जुने दिवस असतील तर एका एमसाठी एवढंच:

```
=INDEX($B$2:$B$24, RANDBETWEEN(1,23))
```

हजार बेरजा Q रकान्यात आल्या की:

```
=PERCENTILE(Q2:Q1001, 0.5)
=PERCENTILE(Q2:Q1001, 0.85)
```

पहिलं उत्तर 83च्या आसपास आलं, म्हणजे निम्म्या बेरजा त्याच्या आत; दुसरं 103च्या, म्हणजे 85 टक्के बेरजा त्याच्या आत. आम्ही दोघं काम करणार होतो, म्हणून निम्मे केले: साधारण 42 ते 52 कामाचे दिवस. शीटमध्ये कुठेही काही टाइप केलं की चिठ्ठ्या नव्याने निघतात आणि तो 103 कधी 101 होतो, कधी 104. सुरुवातीला मला हे खटकायचं. आता सरांना मी मुद्दाम ते हलताना दाखवते. त्यांनी विचारलं, "अगं, नक्की किती?" मी म्हटलं, "सर, स्क्रीनवरच हलतंय, नक्की कुठून आणू? 9 ते 11 आठवडे सांगा." त्यात गणपतीचे दिवस वेगळे धरले. निम्मी टीम कोकणात असते, आणि जुन्या आकड्यांना हे कुठून माहीत?

काम 49 दिवसांत झालं. त्यावर मी फुशारकी मारणार नाही, कारण त्याच्या पुढचं काम सांगितलेल्या पल्ल्याच्या सपशेल बाहेर गेलं. सगळी कामं एकाच बाहेरच्या एपीआयवर अडकली होती. चिठ्ठ्या काढताना प्रत्येक काम सुटं धरलं जातं, तिथे मात्र सगळी एकदमच लांबली. असा समान धोका दिसला की आता मी तो वेगळा लिहून देते, पल्ला ओढून रुंद करत नाही. एलच्या आकड्यावरही माझा फार भरवसा नाही. 9 कामांत एकच 31 दिवसांचं आहे आणि वरची मर्यादा बरीचशी तेच ठरवतं.

सगळ्यात जास्त त्रास मात्र शीटने नाही, माणसांनी दिला. एका मुलाने 14 दिवस लागलेल्या एमचा साइझ काम झाल्यावर गुपचूप एल केला. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला वाटलं चूक सुधारावी. पण असं चाललं की एमची यादी दिसायला गोंडस होते आणि पुढचा अंदाज खोटा पडतो. आता काम सुरू होताना दिलेला साइझ तसाच राहतो, आणि साइझ ठरवताना दिवसांची शीट उघडायची नाही. नाहीतर "एल नको, तारीख पुढे जाईल, एम लाव" सुरू होतं.

एक्सएलची यादी मी केलेलीच नाही. एक्सएल आला की तो आधी फोडायचा, आणि फोडता येत नसेल तर त्या ओळीत दिवसांच्या जागी "माहीत नाही" लिहायचं. सरांना हे अजून आवडलेलं नाही.