बीटा-कॅरोटीन: निरीक्षण खरं की चाचणी?
बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरासारख्या भाज्या-फळांतलं नारंगी द्रव्य, फुप्फुसाचा कर्करोग टाळतं असं सांगणारी रील बघून मावशी विचारत होती, सिगारेट ओढणाऱ्या काकांना त्याच्या गोळ्या देऊ का?

निरीक्षणात्मक अभ्यासांत भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होताना दिसला होता. पण अशी माणसं बहुधा इतर बाबतींतही जपून राहतात, त्यामुळे फरक नेमका कशाने पडला ते कळत नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९,००० पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं. १९९४ मध्ये निकाल आला: गोळीवाल्यांत हा कर्करोग १८ टक्के जास्त!

असे गट पाडून केलेली चाचणी महाग आणि वर्षानुवर्षांची. जन्मभराच्या आहारासाठी ती जमत नाही, तिथे निरीक्षणावरच भागवावं लागतं. गोळी घ्यायची असेल तर चाचणीच बघावी. रीलमध्ये दोन्हींचा पत्ता नव्हता. काकांना ती गोळी नकोच.