जोत्याखाली मुरूम, पीसीसी आणि प्लास्टिक: एक पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगतो: फरशीखाली ओल अडवायला अंथरलेल्या प्लास्टिकने त्याचं काम चोख केलं, पीसीसी म्हणजे त्यावरच्या साध्या काँक्रीटच्या थराबद्दल तक्रार नाही, आणि जो काही त्रास झाला तो सगळा मुरमाच्या भरणीत आणि खोलीच्या कडांना झाला. फरशी बसून आता सगळे ऋतू बघून झालेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

जुन्या घराला लागून एक खोली वाढवली. आतून चार मीटर बाय साडेतीन मीटर, म्हणजे चौदा चौरस मीटर. जुन्या घराच्या फरशीखाली प्लास्टिक नाही, नव्या खोलीत आहे, आणि मधे एकच भिंत. त्यामुळे तुलना आयतीच मिळाली. पावसाळ्यात जुन्या बाजूला फरशीचे सांधे काळपट होतात आणि नंतर तिथे पांढरे क्षार फुलतात. नव्या बाजूला यातलं काही दिसलं नाही.

पण सुरुवातीला दिसलं होतं! फरशी बसवल्यावर पहिले काही महिने नव्या खोलीतलेही सांधे गडद होते आणि घरात सगळ्यांनी प्लास्टिक फाटल्याचं जाहीर करून टाकलं. ते पाणी जमिनीतलं नव्हतं, पीसीसीचं आणि फरशीखालच्या मालाचं होतं. खाली प्लास्टिक असलं की काँक्रीटमधलं पाणी खाली मुरू शकत नाही, त्याला वरचीच वाट उरते. उन्हाळ्यात डाग हळूहळू फिके पडले आणि पावसाळ्यात परत आले नाहीत. जमिनीतली ओल असती तर उलटं झालं असतं. ज्यांना फरशीची घाई आहे त्यांनी पीसीसी नीट वाळू द्यावी, विशेषतः वर लाकडी किंवा व्हिनाइलचं फ्लोअरिंग येणार असेल तर.

आता मुरूम. भरणी तयार उंचीने 450 मिमी हवी होती, म्हणजे दाबून झाल्यावर 6.3 घनमीटर. मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून सैल माल साधारण आठ घनमीटर लागला. आलेल्या मालात काळ्या मातीची ढेकळं आहेत का हे आधी बघितलं. शंका आली की ढेकूळ पाण्याच्या बादलीत टाकायचं: मुरूम विरघळून तळाशी खरखरीत बसतो, काळी माती फुगून चिकट गोळा होते. फरशीखाली काळी माती म्हणजे पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. मुठीपेक्षा मोठे दगडही वेचून बाहेर काढले, कारण त्यांच्या बगलेत पोकळी राहते.

एका वेळी 150 मिमीपेक्षा जास्त सैल थर टाकू दिला नाही. असे चार थर झाले. जोत्याच्या भिंतीवर आतून खडूने थरांच्या रेषा मारून ठेवल्या होत्या, त्यामुळे वाद झाला नाही. पाणी किती, याचा अंदाज मुठीत येतो. मुरूम मुठीत दाबला की गोळा व्हायला हवा, बोटांतून पाणी सुटायला नको, आणि गोळा खाली टाकला की फुटायला हवा. आमच्या गवंड्याचा आग्रह होता की भरणीत पाणी सोडून ठेवू, आपोआप बसेल. पाण्याने वाळू काही प्रमाणात बसते, पण मुरमात बारीक माती असते. तिचा चिखल होतो, वरून सपाट दिसतो आणि आत पोकळ राहतो. मधल्या भागात प्लेट कॉम्पॅक्टर फिरवला, भिंतीलगत मशीन नीट पोचत नाही तिथे हाताची धुमस वापरली. थर बसला की धुमसेचा आवाज बदलतो, बद्द न येता टणक येतो आणि धुमस किंचित उसळते. खातरी म्हणून 12 मिमीची सळई हाताने खोचून बघायचो. सहज आत गेली की परत दाबायचं.

एवढं करूनही एक पट्टा बसलाच. भरणी पूर्ण झाल्यावर नळकाम करणाऱ्यांनी सांडपाण्याच्या पाइपसाठी त्यातूनच चर खणला आणि नंतर फावड्याने माल लोटून बुजवला. आज त्या रेषेवरच्या चार फरश्या नाण्याने वाजवल्या की पोकळ वाजतात, आणि स्कर्टिंगखाली केसाएवढी फट दिसते. बाकी खोली ठणठणीत आहे. पाइप भरणीआधी टाकून घ्या, किंवा चर पुन्हा थराथराने भरायला लावा. पाइपभोवती वाळू आणि मग मुरूम, तोही दाबून.

भरणीच्या वरच्या तयार पृष्ठभागावर वाळवीचं औषध मारून घेतलं, त्यावर 40 मिमी वाळू पसरली आणि मग 250 मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरलं. दुकानात ते हजार गेज म्हणून मिळतं. औषध मारल्यावर भरणी परत उकरायची नाही, उकरली तर तेवढ्या जागी पुन्हा मारायचं. वाळू यासाठी की मुरमाचे खडे प्लास्टिकला टोचतात, आणि वरून खडी पडल्यावर तर हमखास.

काही जण विचारतात, इतका मुरूम दाबला, वर पीसीसी टाकली, मग प्लास्टिक कशाला? दाबलेला मुरूमसुद्धा ओल वर ओढतो, त्यातली बारीक माती हेच करते, कंदिलाची वात तेल ओढते तसं. आणि सिमेंट, वाळू, खडी 1:4:8 प्रमाणात घेतलेली पीसीसी सच्छिद्र असते. तिचं काम फरशीला सपाट, टणक बूड देणं. ओल अडवणारा थर या तिघांत एकच आहे.

प्लास्टिकच्या जोडावर एक पट्टी दुसरीवर 300 मिमी चढवली आणि टेप लावली. भिंतीच्या कडेला ते वर वळवून जोत्याच्या ओलरोधक थरापर्यंत नेलं. पीसीसी 100 मिमी, म्हणजे 1.4 घनमीटर. त्याला पाच पोती सिमेंट लागलं. काँक्रीट ओतताना घमेली घेऊन चालण्यासाठी फळ्या टाकायला लावल्या आणि टोकदार फावडं प्लास्टिकवर येऊ दिलं नाही. पाणी खाली जात नसल्याने माल जरा कोरडाच ठेवावा लागतो, नाहीतर पाणी वर तरंगतं आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो.

हे सगळं जिथे संपतं ती जुनी भिंत. तिच्या जोत्यात ओलरोधक थरच नाही, त्यामुळे नव्या बाजूचं प्लास्टिक वर वळवलं तरी ते कशाला जोडायचं हा प्रश्नच होता. पावसाळ्यात त्या एका भिंतीवर स्कर्टिंगच्या वर वीतभर रंग फुगला. फरशी कोरडी, भिंत ओली. फरशीखालच्या प्लास्टिकने भिंतीतून चढणारी ओल थांबत नाही, तिचा इलाज वेगळा आहे आणि तो अजून करायचाय.

पावसाळी सकाळी फरशी ओली लागली म्हणून लगेच घाबरू नका. दमट हवा थंड फरशीला लागली की वरच दव धरतं. मी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा फरशीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवला. तुकड्याच्या वर पाणी धरलं तर ते हवेतलं, खाली धरलं किंवा फरशी गडद झाली तर जमिनीतलं. नव्या खोलीत वर धरलं, जुन्या खोलीत खाली.