एकच गोष्ट बदलायची आहे: सीड, चॅट की मास्क?

चित्र जवळजवळ जमलेलं असतं. फक्त स्वेटरचा रंग बदलायचा असतो. तुम्ही तसं सांगता, रंग बदलतोही, आणि दोन मिनिटांनी लक्षात येतं की चेहरा आता दुसऱ्याच कोणाचा तरी झालाय. मग चेहरा नीट करायला जावं तर खिडकी हलते. पाचव्या फेरीपर्यंत मूळ चित्रात जे आवडलं होतं, तेच हरवलेलं असतं.

म्हणून एआयने काढलेलं चित्र टप्प्याटप्प्याने सुधारायच्या पद्धती तोलताना मी आधी एकच प्रश्न विचारते: सांगितलेला बदल सोडून बाकीचं चित्र कितपत शाबूत राहतं? सांगितलेला बदल हल्ली बहुतेक साधनं करतात. खरा फरक न सांगितलेल्या भागात दिसतो.

साधारण वापरणाऱ्याच्या हाताशी तीन वाटा आहेत. पहिली, सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, तोच ठेवून प्रॉम्प्टमधला, म्हणजे चित्रासाठी लिहिलेल्या वर्णनातला, एक शब्द बदलायचा. दुसरी, तयार चित्र समोर ठेवून चॅटमध्ये साध्या वाक्यात बदल सांगायचा. तिसरी, चित्राचा तेवढाच भाग ब्रशने रंगवून, म्हणजे मास्क करून, तेवढाच पुन्हा काढून घ्यायचा.

तिन्हींसाठी मी एकच चित्र घेतलं. संध्याकाळच्या उजेडात खिडकीशी बसून पुस्तक वाचणारी मुलगी, अंगात लाल स्वेटर, खिडकीच्या कट्ट्यावर करडं मांजर, टेबलावर निळा कप. बदल तीन हवे होते: स्वेटर हिरवा, मांजर नको, आणि चेहऱ्यावर किंचित हसू.

सुरू करण्याआधी एक काम केलं, ते तुम्हीही करा. चित्रातल्या ज्या गोष्टींना हात लागायला नको, त्यातल्या तीन लिहून ठेवल्या. खिडकीला ६ काचा, कपाचा कान उजवीकडे, केसांचा भांग डावीकडे. प्रत्येक फेरीनंतर जुनं आणि नवं चित्र एकाच आकारात उघडायचं आणि बाणाच्या बटणाने एकातून दुसऱ्यात भरभर जायचं. शेजारीशेजारी ठेवून जे डोळ्यांना कळत नाही, ते असं पालटताना उडी मारून दिसतं.

सीड तोच, शब्द दुसरा

डिफ्यूजन पद्धतीचं मॉडेल चित्राची सुरुवात नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून करतं आणि पायरीपायरीने तो गोंधळ साफ करत चित्र उभं करतं. सीड म्हणजे सुरुवातीचा गोंधळ ठरवणारा आकडा. सीड, प्रॉम्प्ट, मॉडेल, आकार आणि पायऱ्यांची संख्या सगळं तेच ठेवलं, तर चित्र जवळपास तेच येतं. यातलं काहीही हललं की ही हमी गेली. विशेषतः आकार. चौकोनी चित्र नंतर आडवं केलं तर सुरुवातीचा गोंधळच वेगळा होतो आणि तोच सीड देऊनही चित्र अनोळखी येतं. म्हणून आकार पहिल्याच फेरीत ठरवून टाकावा.

मी फक्त ‘लाल’च्या जागी ‘हिरवा’ लिहिलं. स्वेटर हिरवा झाला, पण पडद्यावरही हिरवी झाक आली आणि खिडकीच्या ६ काचांच्या ४ झाल्या. ही चूक माझ्या शब्दांची नव्हती. प्रॉम्प्ट पहिल्या पायरीपासून सगळ्या चित्रावर काम करत असतो, त्यामुळे रंगाचा शब्द ज्या वस्तूसाठी लिहिला तिच्यापुरता राहीलच असं नाही. शिवाय चित्राची मांडणी सुरुवातीच्या पायऱ्यांत ठरते. तिथे थोडा जरी फरक पडला तरी पुढे काचा, चुण्या, बोटं सगळं थोडं वेगळं बसतं.

यावर एक चांगला उतारा आहे, पण तो सगळीकडे चालत नाही. स्टेबल डिफ्यूजन हे डिफ्यूजन मॉडेल ब्राउझरमधून वापरायच्या AUTOMATIC1111 सारख्या वेब यूआयमध्ये तो चालतो. तिथे असं लिहिता येतं:

```
[red:green:0.3] sweater
```

म्हणजे पहिल्या ३० टक्के पायऱ्या लाल स्वेटर समजून काढ, पुढे हिरवा धर. तोवर मांडणी बसलेली असते, त्यामुळे काचा बऱ्याच प्रमाणात जागेवर राहतात. आकडा फार वाढवला तर मात्र स्वेटर मळकट तपकिरी येतो, कारण तोवर लाल रंग मुरलेला असतो.

मांजर काढायला या वाटेत ‘मांजर नको’ लिहू नका. अशी मॉडेलं चित्र आणि त्याखालचं वर्णन यांच्या जोड्यांवर शिकलेली असतात, आणि वर्णनात सहसा जे आहे तेच लिहिलेलं असतं. ‘मांजर’ हा शब्द दिसला की मांजर येण्याचीच शक्यता वाढते. उल्लेख सरळ खोडून टाकायचा.

माझं मत असं की ही वाट सुरुवातीसाठी उत्तम आणि शेवटासाठी वाईट. कोन, उजेड, मुलीची बसण्याची ढब हे ठरवताना हिच्यासारखी सोय नाही. नुसता स्वेटर बदलायला ही वाट धरू नये.

चॅटमध्ये सांगून

इथे अनुभव एकदम सुखाचा असतो. ‘स्वेटर हिरवा करा’ म्हटलं, झाला. पडदा होता तसाच. काचा ६. दुसऱ्या फेरीत मांजर काढायला सांगितलं, तर मांजराबरोबर कट्ट्यावरची त्याची सावलीही गेली आणि त्या जागी उजेड नीट पसरला. वस्तू काढणं, तिची सावली सांभाळणं, मागचं भरून काढणं यात ही वाट मला सगळ्यात समजूतदार वाटते.

अडचण तिसऱ्या फेरीपासून सुरू झाली. ‘किंचित हसू’ मागितलं, तेव्हा हसू आलं, पण पालटून पाहिल्यावर भांग डावीकडून मध्यावर सरकलेला, आणि हनुवटी थोडी निमुळती. मुद्दाम आणखी दोन किरकोळ बदल सांगून पाहिले. पाचव्या चित्रात त्वचा मेणासारखी गुळगुळीत होती आणि सगळ्या चित्रावर पिवळसर उबदार छटा चढली होती. एकेका फेरीत हे जाणवत नाही. पहिलं आणि पाचवं पालटून पाहिलं की धस्स होतं.

असं होतं, कारण अशा बहुतेक साधनांत चित्राचा तुकडा बदलत नाही, पूर्ण चित्र नव्याने काढलं जातं आणि ते काढताना मागच्या फेरीचं चित्र आधार म्हणून घेतलं जातं. झेरॉक्सची झेरॉक्स काढत जावी तशी प्रत्येक फेरीतली बारीक चूक पुढच्या फेरीत मूळ म्हणून धरली जाते.

‘एका वेळी एकच बदल’ हा सल्ला अनेक जण इथेच चुकीचा समजतात. बदल एकेक करून तपासायचे, पण एकावर एक रचत न्यायचे नाहीत. स्वेटर मूळ चित्रावर तपासा. मांजर पुन्हा मूळ चित्रावरच तपासा. कुठल्या वाक्याने कोणता बदल नीट होतो हे कळलं की मूळ चित्र नव्या चॅटमध्ये घाला आणि जमलेली वाक्यं एकत्र देऊन एकाच फेरीत काम उरका. त्याच चॅटमध्ये ‘पहिल्या चित्रावर परत जा’ म्हणण्यापेक्षा मूळ फाइल पुन्हा चढवणं भरवशाचं, कारण मग मधल्या चित्रांची छाया पडत नाही.

आणि ‘बाकी सगळं तसंच ठेवा’ हे फार ढोबळ वाक्य आहे. ‘चेहरा, भांग, खिडकीच्या ६ काचा आणि कप जसाच्या तसा’ असं नावानिशी लिहिलं तेव्हा मला जास्त गुण आला. तरी ती विनंतीच. हमी नव्हे.

मास्क करून

इथे चित्राचा कोणता भाग बदलायचा ते तुम्ही हाताने दाखवता. स्वेटरवर ब्रश फिरवला, ‘हिरवा लोकरी स्वेटर’ लिहिलं, आणि चेहऱ्याला, काचांना धक्का लागला नाही. पण मास्क नीट काढणं ही कला आहे, आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं.

मांजराच्या वेळी मी आधी अगदी कडेकडेने, कान-शेपटीसकट नेमका मास्क केला. परिणाम? त्याच आकाराची करडी उशी. मास्कचा आकारच मांजराचा होता आणि बाजूला मांजराची सावली तशीच होती. त्या सावलीला शोभेल असं काहीतरी तिथे ठेवणं मॉडेलला भागच होतं. दुसऱ्यांदा मास्क ढगळ केला, सावली आणि काचेतलं प्रतिबिंबही आत घेतलं, आणि प्रॉम्प्टमध्ये तिथे काय असावं ते लिहिलं: ‘रिकामा लाकडी कट्टा, संध्याकाळचं ऊन’. तेव्हा कट्टा स्वच्छ मिळाला. कडा जराशी मऊ ठेवायची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर सांधा दिसतो.

चेहऱ्याच्या वेळी दुसरीच गोष्ट आड येते. २०२२ मध्ये आलेल्या मूळ स्टेबल डिफ्यूजनमध्ये ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र आतल्या आत ६४ बाय ६४ घरांत दाबलं जातं. म्हणजे एका घरात ८ बाय ८ पिक्सेल. चित्रातला चेहरा ४० पिक्सेल रुंद असेल तर मॉडेलच्या हाताशी आडवी ५ घरं. एवढ्यात ‘किंचित हसू’ काढणार कुठून? म्हणून मास्कचा तुकडा आधी मोठा करून, त्यावर काम करून, परत लहान करून बसवणारा पर्याय असेल तर चेहऱ्यासाठी तोच निवडा. तो नसेल तर चेहऱ्याचा भाग स्वतः कापून मोठा करा आणि काम झाल्यावर परत चिकटवा.

याच दाबण्या-उलगडण्यामुळे काही साधनांत मास्कबाहेरचे बारीक तपशीलही किंचित बदलतात. चांगली साधनं बाहेरचे मूळ पिक्सेल परत चिकटवतात. तुमचं चिकटवतं का, हे कपाच्या कानाशी झूम करून, पालटून पाहिलं की कळतं.

मग कोणती घ्यावी

चित्राचा साचा अजून ठरायचा असेल तर सीड. एखादी वस्तू सावलीसकट घालवायची किंवा आणायची असेल आणि एक-दोन फेऱ्यांत भागणार असेल तर चॅट. चेहरा जपायचा असेल, किंवा बाकीचं चित्र कुणीतरी पसंत केलेलं असेल आणि ते हलून चालणारच नसेल, तर मास्क, वेळ जास्त लागला तरी.

हाताशी फक्त चॅट असेल तरी अडून राहायचं कारण नाही. लेयरची सोय असलेल्या कुठल्याही ॲपमध्ये चॅटचं नवं चित्र खाली आणि मूळ चित्र वर ठेवा, आणि वरच्या चित्रातला फक्त स्वेटर मऊ खोडरबराने पुसा. खालचा हिरवा स्वेटर दिसेल, बाकी सगळं मूळचं. मात्र आधी दोन्ही चित्रं एकमेकांवर नेमकी बसतात का ते बघा. चॅटमधून आलेलं चित्र कधी दोनचार पिक्सेल सरकलेलं, कधी किंचित कापलेलं असतं, आणि मग खांद्याच्या रेषेत पायरी पडते.

माझ्या चित्रात शेवटी मांजर चॅटने काढलं. ते चित्र मूळ चित्राखाली लेयर म्हणून ठेवून फक्त कट्ट्याचा भाग त्यातून घेतला. त्यावर स्वेटर मास्कने केला, आणि हसू सगळ्यात शेवटी, चेहरा मोठा करून. प्रत्येक टप्पा वेगळ्या नावाने पीएनजीमध्ये जपला, कारण जेपीजी दरवेळी साठवताना थोडी झीज करतं. शेवटचं चित्र मूळ चित्राशी पालटून पाहिलं तेव्हा काचा ६ होत्या, कपाचा कान उजवीकडे होता आणि भांग डावीकडेच होता.