अमलगमचं स्क्रॅप: फिक्सरखाली ठेवावं की कोरड्या बरणीत?

सुई पांढऱ्या डब्यात, हातमोजे लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळीत, हे वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत कुठल्याही दातांच्या दवाखान्यातल्या मदतनीस ताईंना पाठ असतं. अडतं ते दातात भरायच्या अमलगमपाशी. पिवळी पिशवी भट्टीत जाते. अमलगममध्ये वजनाने साधारण निम्मा पारा असतो आणि पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. भट्टी त्याहून कितीतरी गरम असते, त्यामुळे पिशवीतला पारा धुरासोबत बाहेर पडतो. लाल पिशवीतला माल ऑटोक्लेव्हमध्ये तापतो, तिथेही वाफ होतेच. म्हणून हे स्क्रॅप धोकादायक कचऱ्याचा परवाना असलेल्याकडे वेगळं द्यावं लागतं, आणि देण्याजोगं साठेपर्यंत महिनोन्महिने दवाखान्यातच सांभाळावं लागतं. प्रश्न आहे तो या सांभाळण्याचा.

जुनी पद्धत म्हणजे एक्स-रेची फिल्म धुण्यासाठी वापरलेला फिक्सर बरणीत ओतून स्क्रॅप त्याखाली बुडवून ठेवायचं. तिच्यामागचा विचार बरोबर आहे. द्रवाचा थर पाऱ्याची वाफ अडवतो, आणि पाण्यापेक्षा फिक्सर ती जास्त चांगली अडवतो. वडोदऱ्याच्या मे महिन्यात, रविवारी बंद खोलीत, हे महत्त्वाचं ठरतं, कारण तापमान दहा अंशांनी वाढलं की पाऱ्याची वाफ जवळपास दुप्पट होते.

पण माझं मत फिरलं ते त्या द्रवामुळेच. बरणी भरते तेव्हा तळाशी मूठभर स्क्रॅप असतं आणि वर अर्धा लिटर फिक्सर. त्या फिक्सरमध्ये आता पाराही आहे आणि फिल्मची चांदीही. तो बेसिनमध्ये ओतता येत नाही, आणि वाहतुकीत गळेल म्हणून न्यायलाही कोणी राजी नसतं. म्हणजे मूठभर कचरा सांभाळताना अर्धा लिटर नवा कचरा तयार झाला. शिवाय फिक्सर लोखंडी झाकण खातो. आटे गंजले की झाकण घट्ट बसत नाही, द्रव आटतो आणि स्क्रॅप उघडं पडतं. त्यात आता बहुतेकांकडे आरव्हीजी, म्हणजे फिल्मशिवायचा डिजिटल एक्स-रे आहे, त्यामुळे फिक्सर मिळतच नाही. मग बरणीत साधं पाणी पडतं, आणि उन्हाळ्यात ते कधी आटलं हे कोणाच्या लक्षात येत नाही.

कोरड्या बरणीचा सगळा भरवसा झाकणावर असतो. रुंद तोंडाची, जाड प्लास्टिकची, रबरी वायसर असलेली, आट्यांची बरणी घ्यावी. काचेची पडली की फुटते, म्हणून नको. वापरण्याआधी तिच्यात पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवावी. सकाळी कागद ओला दिसला तर ती बरणी कामाची नाही. पास झालेली बरणी पुसून कोरडी करावी, वर ‘पारा’ आणि तारीख लिहावी, आणि ऑटोक्लेव्हपासून व उन्हापासून लांब ठेवावी. बरण्या दोन असाव्यात: एक तोंडात न गेलेल्या उरल्यासुरल्या अमलगमची, दुसरी तोंडातून आलेल्याची.

समजा, खालची दाढ काढताना जुन्या भरणाचा एक तुकडा सुटला. सुई पांढऱ्या डब्यात, कापूस पिवळ्या पिशवीत. भरण असलेली दाढ मात्र पिवळ्या पिशवीत जाणार नाही. (शेजारची भरण नसलेली दाढही काढली असेल, तर ती जाईल.) ही दाढ ऑटोक्लेव्हही करायची नाही. हायपोक्लोराइटमध्येही टाकायची नाही, कारण त्यातला क्लोरीन अमलगममधला पारा विरघळवून बाहेर काढतो. छोट्या डबीत १० टक्के फॉर्मालिनमध्ये ती दोन आठवडे ठेवावी आणि मग दुसऱ्या बरणीत टाकावी. इथेही थोडा द्रव उरतो आणि तो रासायनिक कचरा म्हणून वेगळा द्यावा लागतो, हे मान्य. पण तो डबीभर असतो. सुटलेला तुकडा सक्शनने ओढला असेल तर तो खुर्चीच्या जाळीत सापडेल. ती जाळी नळाखाली धुण्याची सवय फार वाईट, सगळे कण गटारात जातात. हातमोजे घालून जाळी तशीच बरणीत टाकावी.

कॅप्सूलचं अमलगम वापरत असाल तर कोरडी बरणी घ्या असंच मी सुचवेन. घट्ट झालेल्या अमलगममधून वाफ कमी येते, आणि चांगलं झाकण ती आत ठेवतं. पण अजून कोणी पावडर आणि बाटलीतला पारा खलात घोटून, कापडातून पिळून वापरत असेल, तर पिळून निघालेला मोकळा पारा कोरड्या बरणीत नको. त्या थेंबांसाठी प्लास्टिक झाकणाची वेगळी छोटी बाटली ठेवावी आणि फिक्सर तेवढ्या बाटलीपुरताच वापरावा.