सात महिने क्यूजीआयएस वापरून: फुकटचं आहे, पण माझा नकाशा दोन महिने खोटं बोलत होता

चष्मा-शिबिरांचा हिशेब ठेवायला आमच्या छोट्या संस्थेत हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर टाकलं, कारण पैसे देऊन नकाशे काढून घेणं परवडत नव्हतं. जुन्या लॅपटॉपवर चालतं, हळू चालतं, पण चालतं.

आता मुख्य भांडण. विदर्भाचा नकाशा काढला, वाटलेल्या चष्म्यांच्या आकड्यावर Graduated रंग दिले, म्हणजे जितका आकडा मोठा तितका रंग गडद. नागपूर गडद लाल, गडचिरोली फिकट. मिटिंगमधे वरचे साहेब म्हणाले, "गडचिरोलीत काहीच होऊन नाही राहिलं, तिथली गाडी बंद करा." गाडीवाला भाऊ तिथेच बसला होता, त्याचं तोंड पाहवेना.

आकडे असे होते: नागपूर 9,300, गडचिरोली 4,290, भंडारा 1,800. पण 2011 च्या जनगणनेत नागपूर जिल्हा 46,53,570 अन् गडचिरोली 10,72,942. म्हणजे दर हजारी नागपूर 2, गडचिरोली 4, भंडारा दीड. लोक चौपट म्हटल्यावर आकडा मोठा येणारच ना बाप्पा, माझा नकाशा चष्म्यांचा नव्हताच, लोकसंख्येचा होता!

मी सॉफ्टवेअरलाच शिव्या घातल्या की लोकसंख्येने भागायचं बटन का नाही. दोन महिने हेच रडत होतो. मग कळलं की Value च्या बाजूला जो ε आहे (मी तो सजावट समजत होतो) तिथे सरळ हे लिहायचं:

```
"chashme" / "lok2011" * 1000
```

म्हणून आधी दोन स्टार देणार होतो, आता चार. एक स्टार कापला तो join साठी, म्हणजे जिल्ह्याच्या नावावरून दुसरा तक्ता नकाशाला जोडणं. लोकसंख्येची CSV जोडली तर गोंदिया नकाशातून गायबच, नुसतं पांढरं भोक! जनगणनेत स्पेलिंग Gondiya, माझ्या फाईलीत Gondia, जोडच बसला नाही, किंमत NULL म्हणजे रिकामी आली अन् तो जिल्हा रंगवलाच नाही. ना एरर ना काही. आता join झाला की आधी attribute table उघडून NULL शोधतो. लोकसंख्येच्या आकड्यातले स्वल्पविरामही CSV मधेच काढून टाकतो, नाहीतर कॉलम टेक्स्ट म्हणून येतो.

अजून एक गडबड, ती सॉफ्टवेअरची नाही, माझीच. नागपूरच्या शिबिरात भंडाऱ्याचे लोक येतात, मी त्यांना नागपुरात मोजत होतो अन् नागपूरच्याच लोकसंख्येने भागत होतो. आता रजिस्टरातल्या पत्त्यावरून मोजून राहिलो, भंडारा दीडवरून वर सरकला.

तालुक्यावर मात्र दर जपूनच. छोट्या तालुक्यात एका शिबिराने पन्नास चष्मे गेले तरी रंग भडकतो, म्हणून तिथे लेबलमधे दरासोबत मूळ आकडाही टाकतो. लेजंडमधे "दर हजारी, 2011" लिहायचं मी एकदा विसरलो, तर साहेबांनी विचारलं, "गडचिरोलीत चारच चष्मे वाटले का?"

गाडी चालू आहे.