लाइक, ॲज की सच ॲज: रिकाम्या जागेनंतर काय येते ते पाहा

सदाशिव पेठेतील अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे बरेच विद्यार्थी इंग्रजीतील हे तीन शब्द अर्थावरून निवडतात. पण ‘लाइक’ आणि ‘ॲज’ या दोहोंतून साम्यच व्यक्त होत असल्याने निर्णय रिकाम्या जागेनंतरच्या रचनेवरून घ्यावा लागतो. पुढे केवळ नाम किंवा सर्वनाम असेल तर ‘लाइक’ येते. कर्ता आणि क्रियापद असलेले उपवाक्य किंवा ‘इन’सारख्या शब्दयोगी अव्ययाने सुरू होणारा शब्दसमूह असेल तर ‘ॲज’.

पुढील वाक्य पाहा: ‘___ इन मुंबई, रेंट्स इन पुणे हॅव रिझन.’ येथे जागेनंतर ‘इन मुंबई’ आहे, म्हणून ‘ॲज’. त्याऐवजी ‘दोज इन मुंबई’ असते, तर ‘दोज’ हे सर्वनाम असल्याने ‘लाइक’ योग्य ठरले असते. मात्र नुसते ‘लाइक मुंबई’ लिहिले की व्याकरण वरवर बरोबर दिसूनही शहराची तुलना भाड्यांशी होते, आणि माझ्या मते खरी फसगत इथेच होते.

नामापूर्वीही ‘ॲज’ येते, पण तेव्हा ते भूमिका सांगते: ‘शी वर्क्स ॲज अ टीचर’ म्हणजे ती शिक्षिकाच आहे.

‘सच ॲज’ तुलना करतच नाही, ते उदाहरणे देते: ‘सबर्ब्स सच ॲज कोथरूड अँड बाणेर’. त्याच्यापुढे उपवाक्य चालत नाही. बोलण्यात ‘लाइक’नंतर उपवाक्य सर्रास ऐकू येते; औपचारिक परीक्षेत मात्र ते टाळावे.